मोहर वर्तुळाची कुळकथा

फळ्यावर एक चौरस काढलेला आहे. उजव्या-डाव्या बाजूंवर बाहेर खेचणारे बाण, शेजारी आकडा 90. वर-खाली आत दाबणारे बाण, शेजारी 30. चारही कडांना लगटून शिअरचे अर्धे बाण, शेजारी 25. सगळे आकडे मेगापास्कलमध्ये. डिप्लोमाच्या वर्गात या चौरसाचा मोबाइलवर फोटो निघतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तो सगळ्यांकडे फिरतो. प्रश्न ठरलेला असतो: प्रिन्सिपल स्ट्रेस काढा, मॅक्झिमम शिअर स्ट्रेस काढा, आणि ते कोणत्या प्रतलांवर येतात ते सांगा. उत्तर एका वर्तुळातून निघते. त्याला आपण मोहर्स सर्कल म्हणतो. या वर्तुळाला तीन पिढ्यांचे कूळ आहे, आणि ते कळले की कोनाचा प्रश्न शेवटी का विचारतात तेही कळते.

पहिली पिढी फ्रान्समधली. ओगुस्तँ-लुई कोशी हे गणिती म्हणून प्रसिद्ध असले तरी त्यांचे शिक्षण इंजिनिअरचे होते आणि तरुणपणी शेर्बूरच्या बंदराच्या बांधकामावर त्यांनी काम केले होते. 1822 साली त्यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे स्ट्रेसची कल्पना मांडली. घन पदार्थाच्या आत एखाद्या बिंदूतून कल्पनेने काप घेतला, तर कापाच्या दोन्ही अंगांचे कण एकमेकांवर बल लावतात. हे बल कापाला लंब असेलच असे नाही. त्याचा एक भाग कापाला लंब असतो, तो खेच किंवा दाब. दुसरा भाग कापाच्या अंगाने घसरतो, तो शिअर. कापाची दिशा बदलली की हे दोन्ही भाग बदलतात. पण कोशींनी दाखवून दिले की कोणत्याही बिंदूपाशी एकमेकांना काटकोनात असलेली अशी तीन प्रतले सापडतातच, ज्यांवर शिअर शून्य असतो. त्यांवर उरतो फक्त लंब स्ट्रेस. तोच प्रिन्सिपल स्ट्रेस. सिद्धांत पुरा झाला होता, पण तो समीकरणांत होता. पुलाची गर्डर आखणाऱ्या माणसाला ती प्रतले डोळ्यांना दिसत नव्हती.

दुसरी पिढी झुरिकची. कार्ल कुलमान बव्हेरियाच्या रेल्वेत इंजिनिअर होते. 1855 साली झुरिकला पॉलिटेक्निक सुरू झाले आणि ते तिथे प्राध्यापक झाले. इंजिनिअरची भाषा रेखाचित्र हीच, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. 1866 साली प्रसिद्ध झालेल्या ग्राफिक स्टॅटिक्सवरच्या ग्रंथात त्यांनी वाकणाऱ्या तुळईतला स्ट्रेस वर्तुळाच्या साहाय्याने मांडला. त्यावरून तुळईच्या आत प्रत्येक ठिकाणी प्रिन्सिपल स्ट्रेस कोणत्या दिशेने धावतो त्याच्या वक्ररेषा काढता आल्या. त्याच दशकात झुरिकचे शरीररचनाशास्त्रज्ञ हेर्मान फोन मायर मांडीच्या हाडाचा उभा छेद अभ्यासत होते. हाडाच्या डोक्यातल्या जाळीची मांडणी कुलमान यांना ओळखीची वाटली. वाकड्या मानेच्या क्रेनमध्ये प्रिन्सिपल स्ट्रेसच्या ज्या रेषा येतात, त्यांच्याशी ती मिळतीजुळती होती. कुलमान यांचे लक्ष आकड्यांइतकेच दिशांवर होते, हे यातून दिसते. पण त्यांचे वर्तुळ तुळईपुरते राहिले.

ते कोणत्याही स्ट्रेसला लागू केले तिसऱ्या पिढीने. ख्रिस्तियान ओटो मोहर यांचा जन्म 1835 सालचा, होल्श्टाइनमधल्या वेसेलबुरेन गावचा. हानोव्हर आणि ओल्डेनबुर्गच्या रेल्वेत त्यांनी पूल बांधले, मग ते श्टुटगार्टला आणि 1873 साली ड्रेस्डेनला शिकवायला गेले. 1882 साली त्यांनी या वर्तुळाचा सविस्तर लेख प्रसिद्ध केला, आणि दोन मितींपुरते न थांबता तीन मितींतला स्ट्रेसही त्यात बसवला.

त्यांची युक्ती अशी. आडव्या अक्षावर लंब स्ट्रेस मोजायचा, उभ्या अक्षावर शिअर. बिंदूतून जाणाऱ्या एकेका कापासाठी दोन आकडे मिळतात, म्हणजे कागदावर एक ठिपका मिळतो. काप हळूहळू फिरवत नेला की ठिपकाही सरकतो, आणि तो अचूक वर्तुळावरच सरकतो. काप 180 अंशांत फिरला की तो पुन्हा पहिलाच काप असतो, कारण त्याच प्रतलाची दुसरी बाजू समोर येते. म्हणून तेवढ्यात ठिपक्याने अख्खे वर्तुळ पुरे केलेले असते. वर्तुळावरचा कोन प्रत्यक्षातल्या कोनाच्या दुप्पट असतो तो यामुळे. चौरसाच्या शेजारच्या दोन बाजू 90 अंशांत असतात, म्हणून त्यांचे ठिपके वर्तुळावर 180 अंशांत, म्हणजे एकाच व्यासाच्या दोन टोकांना पडतात. व्यास मिळाला की वर्तुळ मिळाले.

आता फळ्यावरचा चौरस घेऊ. फोटोत आकड्यांना चिन्हे नसतात, ती बाणांवरून लावायची. खेच अधिक, दाब उणे. उजव्या बाजूवर +90, वरच्या बाजूवर −30. शिअरसाठी एक नियम धरून चालू: चौरसाला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवू पाहणारा शिअर अक्षाच्या वर मांडायचा, उलट फिरवणारा खाली. आपल्या चौरसात उजव्या बाजूवरचा शिअरचा बाण वर जातो, म्हणजे तो काट्याच्या उलट फिरवतो. वरच्या बाजूवरचा बाण उजवीकडे जातो, तो काट्याच्या दिशेने फिरवतो. म्हणून उजव्या बाजूचा ठिपका (90, −25) वर आणि वरच्या बाजूचा (−30, +25) वर पडतो.

आलेखाच्या कागदावर 1 सेंटिमीटरला 10 मेगापास्कल असे प्रमाण घेऊन दोन ठिपके जोडा. रेघ आडव्या अक्षाला 30 वर छेदते. तेच केंद्र, 90 आणि −30 यांची सरासरी. केंद्रापासून पहिल्या ठिपक्यापर्यंत 60 आडवे आणि 25 उभे अंतर आहे, म्हणून त्रिज्या 65, म्हणजे कागदावर साडेसहा सेंटिमीटर. वर्तुळ काढले की ते अक्षाला उजवीकडे 30 + 65 = 95 वर आणि डावीकडे 30 − 65 = −35 वर छेदते. हे दोन प्रिन्सिपल स्ट्रेस: 95 ची खेच आणि 35 चा दाब. वर्तुळाचा माथा आणि तळ 65 वर आहेत, तो मॅक्झिमम शिअर. पडताळा सोपा आहे: 95 आणि −35 यांची बेरीज 60, आणि 90 व −30 यांचीही 60. चौरस कसाही फिरवला तरी ही बेरीज बदलत नाही. ती जुळली नाही तर कुठेतरी चिन्ह चुकले आहे.

राहिला कोन. (90, −25) या ठिपक्यापासून 95 च्या छेदबिंदूपर्यंत जायला वर्तुळावर काट्याच्या उलट दिशेने 22.6 अंश फिरावे लागते. चौरसात त्याचे निम्मे, 11.3 अंश, आणि दिशा तीच. म्हणजे 90 ची बाजू काट्याच्या उलट 11.3 अंश फिरवली की तिच्यावर 95 ची निव्वळ खेच उरते, शिअर नाही. तिला काटकोनातल्या बाजूवर 35 चा दाब. वर्तुळाच्या तळाला जायला त्याच ठिपक्यापासून काट्याच्या दिशेने 67.4 अंश जावे लागते. म्हणून 90 ची बाजू काट्याच्या दिशेने 33.7 अंश फिरवली की मॅक्झिमम शिअर मिळतो. 11.3 आणि 33.7 यांची बेरीज 45: प्रिन्सिपल प्रतल आणि मॅक्झिमम शिअरचे प्रतल यांत नेहमी 45 अंशांचा कोन असतो. आणि मॅक्झिमम शिअरच्या प्रतलावर लंब स्ट्रेस शून्य नसतो. तिथे केंद्राचा आकडा, म्हणजे 30 ची खेच, असते. उत्तरपत्रिकेत हा आकडा बहुतेक वेळा गळतो.

फोटोवरून सोडवताना तीन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला, दोन्ही ठिपक्यांना शिअरचे एकच चिन्ह दिले जाते. मग जोडणारी रेघ आडवी येते आणि अक्षाला छेदतच नाही. चूक तिथेच कळते. दुसरा, शिअरचे बाण नीट उतरवले जात नाहीत. शेजारच्या दोन बाजूंवरचे बाण एक तर एकाच कोपऱ्याकडे टोक करून येतात, नाही तर एकाच कोपऱ्यातून निघतात. एक येणारा आणि एक जाणारा असे दिसले, तर तसा चौरस गरगर फिरत राहील. असा फोटो मुळातच चुकीचा समजावा. शेजारच्या बाजूंवरचा शिअर सारखाच असतो, हा नियमही कोशींच्याच मांडणीतला. तिसरा घोटाळा कोन फोटोवरच मोजण्याचा. तिरका धरलेला मोबाइल चौरसाचा समांतरभुज करतो, त्यावर कोनमापक ठेवून उपयोग नाही. कोन वर्तुळावरून घ्यावा आणि तो 90 च्या बाजूपासून सांगावा. फोटो आडवा आला की उभा, याने मग काही बिघडत नाही.

कोनाची दिशा बरोबर आली का, हे एका नजरेत तपासता येते. शिअरचे बाण टोके जुळवून ज्या कोपऱ्यात येतात, त्या कोपऱ्यातून जाणारा कर्ण खेचला जातो. आपल्या चौरसात तो वरचा उजवा कोपरा आहे. जास्त खेच आडव्या दिशेला आहे. मोठ्या प्रिन्सिपल स्ट्रेसची दिशा या दोन्हींच्या मधे असायला हवी, आणि 11.3 अंश ती शून्य ते 45 यांच्या मधेच आहे.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवायची. चौरसाच्या पृष्ठभागाला लंब असलेल्या तिसऱ्या दिशेलाही प्रिन्सिपल स्ट्रेस असतो, पातळ पत्र्यात तो शून्य. आपल्या उदाहरणात क्रम 95, 0, −35 असा आहे, त्यामुळे 65 हाच खरा मॅक्झिमम शिअर. पण दोन्ही प्रिन्सिपल स्ट्रेस खेचच असते, समजा 95 आणि 35, तर कागदावरचे वर्तुळ 30 चाच शिअर दाखवील. खरा शिअर 95 आणि शून्य यांच्या निम्म्या फरकाइतका, म्हणजे 47.5 असतो, आणि तो पत्र्याला 45 अंशांत तिरक्या प्रतलावर येतो. मोहर यांनी तीन वर्तुळे मांडली ती यासाठीच.

1900 साली त्यांनी याच वर्तुळांवर पदार्थ कधी मोडतो याचा सिद्धांत उभा केला. खडू पिळून पाहिला तर तो 45 अंशांच्या मळसूत्री रेषेत तुटतो, कारण सर्वाधिक खेच त्या प्रतलावर असते आणि खडू खेच सोसत नाही. मऊ पोलादाचा दांडा पिळला तर तो सरळ आडवा कापल्यासारखा तुटतो, कारण तो शिअरपुढे हार मानतो आणि मॅक्झिमम शिअर आडव्या प्रतलावर असतो. दोन्हींचे वर्तुळ एकाच रूपाचे. मोडण्याचे प्रतल वेगळे. आकडे सूत्रात घालून कोणीही काढील. भेग कोणत्या दिशेने जाईल हे कोन सांगतो, म्हणून कोन न लिहिलेले उत्तर अर्धेच आहे.