दहा मिलिग्रॅमची ‘सौम्य’ गोळी

दहा मिलिग्रॅमच्या ॲमिट्रिप्टिलीनविषयी एक मत आपल्याकडे पक्के रुजले आहे. रुग्ण ते बोलून दाखवतात, औषधाच्या दुकानात ते ऐकू येते आणि काही दवाखान्यांतही ते चालते. मत असे : नैराश्यावर हे औषध ७५ ते १५० मिलिग्रॅम देतात, त्यापुढे दहा म्हणजे नगण्य. अल्प्राझोलामची लागते तशी याची चटक लागत नाही. झोप येते, पायांची आग शमते, आणि किंमतही किरकोळ. मग ही सौम्य झोपेची गोळी म्हणून रोज घ्यायला हरकत कोणती?

या मतात तथ्य मुळीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अल्प्राझोलामची सवय सोडवताना रुग्णाचे काय हाल होतात हे ज्याने पाहिले आहे, तो डॉक्टर दुसरा पर्याय शोधणारच. मधुमेहाने होणारी पायांची आग, नागीण बरी झाल्यावरही मागे राहणारी वेदना, यांवर ॲमिट्रिप्टिलीन हे पहिल्या फळीतले औषध आहे, हेही खरे. चूक होते ती पुढे. या खऱ्या गोष्टींवरून ‘सौम्य’ आणि ‘झोपेची गोळी’ हे दोन निष्कर्ष काढले जातात, आणि ते दोन्ही टिकत नाहीत.

आधी ‘सौम्य’ पाहू. दहा मिलिग्रॅम थोडे, पण कशाच्या मानाने? नैराश्याच्या मानाने. हे औषध शरीरात एकाच ठिकाणी काम करत नाही. मेंदूतल्या हिस्टामिनची वाट ते फार थोड्या मात्रेत अडवते, म्हणून पहिल्याच रात्री गुंगी येते. लाळ, आतडी, मूत्राशय आणि डोळ्याची बाहुली यांना चालना देणाऱ्या ॲसिटिलकोलिनलाही ते आवरते, आणि त्यासाठीही मोठी मात्रा लागत नाही. तोंडाला कोरड पडणे हा म्हणून अपघात नव्हे, तो औषधाच्या स्वभावाचाच भाग आहे. लाळ कमी झाली की दात किडतात, कवळी टोचते, कोरडा घास गिळवत नाही. मधुमेही माणूस कोरड घालवायला गोड गोळ्या चघळू लागला, तर साखर वाढते ती निराळीच. प्रोस्टेट वाढलेल्या वृद्धाची लघवी अडू शकते, बद्धकोष्ठ वाढतो आणि विशिष्ट प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यावरचा दाब चढतो. त्यात सर्दीसाठी क्लोरफेनिरामिनची गोळी घेतली की दोन्ही औषधे एकाच दिशेने ओढतात. याला सौम्य म्हणायचे?

आता सकाळचा जडपणा. ‘झोप पूर्ण झाली नसेल’ असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. हिशेब वेगळेच सांगतो. रक्तातले हे औषध निम्म्यावर यायला साधारण १० ते २८ तास लागतात. सोयीसाठी एक दिवस धरू. आज रात्री दहा मिलिग्रॅम घेतले, तर उद्या रात्री त्यातले पाच शिल्लक असतात, आणि त्यावर नवे दहा पडतात. असे होत होत आठवड्याभरात, गोळी घेतल्यानंतर शरीरात असलेले औषध विसाच्या आसपास स्थिरावते. शिवाय यकृत त्याचे नॉरट्रिप्टिलीन बनवते, तेही गुणकारीच असते आणि अधिक काळ टिकते. शोषणही संथ आहे. रात्री अकराला घेतलेल्या गोळीचा जोर बहुधा पहाटे तीन-चारनंतर चढतो. सकाळी सातला डोके जड असेल, तर त्यात नवल काय? म्हणून जाणकार डॉक्टर ती अंथरुणावर पडताना नव्हे, संध्याकाळी सात-आठच्या सुमारास घ्यायला सांगतात. तरीही जडपणा राहिला, तर गाडी चालवू नये आणि ते डॉक्टरांना सांगावे. रात्री लघवीला उठणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत प्रश्न नुसत्या सुस्तीचा नसतो, उभे राहताच रक्तदाब उतरून पडण्याचा असतो.

दुसरा निष्कर्ष झोपेचा. इथे पुरावा मागितला की प्रतिपक्ष अडखळतो. निद्रानाशावरील नैराश्यविरोधी औषधांचा कोक्रेन आढावा २०१८ साली निघाला. इतक्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या ॲमिट्रिप्टिलीनसाठी त्यात ग्राह्य पुरावाच सापडला नाही. यावर डॉक्सेपिनचा दाखला दिला जातो. ते याच कुळातले, आणि ३ ते ६ मिलिग्रॅमला झोपेसाठी अमेरिकेत मान्यताही मिळाली. पण भावाची साक्ष भावाच्या नावावर कशी चालेल? डॉक्सेपिन त्या मात्रेत जवळजवळ हिस्टामिनपुरतेच मर्यादित राहते. दहा मिलिग्रॅम ॲमिट्रिप्टिलीन तसे राहत नाही, कोरड पडलेले तोंडच ते सांगते.

वेदनेचा पुरावा मात्र भक्कम आहे, आणि तोच या गोळीचा खरा मान आहे. १९८७ साली मॅक्स आणि सहकाऱ्यांनी मधुमेही पायांच्या वेदनेवर केलेला प्रयोग मला फार आवडतो. त्यात २९ रुग्णांनी सहा आठवडे ॲमिट्रिप्टिलीन घेतले आणि सहा आठवडे दुसरे औषध. हे दुसरे औषध नुसती पिठाची गोळी नव्हते. तोंड कोरडे पाडणारी आणि गुंगी आणणारी औषधे मुद्दाम त्यात घातली होती, म्हणजे कोणत्या काळात खरे औषध चालू आहे हे लक्षणांवरून ओळखू नये. तरीही ॲमिट्रिप्टिलीन सरस ठरले. ‘झोप लागते म्हणून दुखणे विसरते’ हा युक्तिवाद इथेच संपतो. ज्यांना नैराश्य नव्हते त्यांनाही आराम पडला, तेव्हा ‘डॉक्टरांनी मला वेड्याची गोळी दिली’ ही तक्रारही निकालात निघते. आणि फरक दिसला कधी? तिसऱ्या आठवड्यापासून पुढे. ज्यांना जास्त मात्रा सोसली त्यांना आराम अधिक पडला.

आता साठीतल्या एका मधुमेही बाईंना डोळ्यांसमोर आणा. तळपायांची आग होते, दहाची गोळी मिळते. पहिल्या रात्री झोप लागते, त्या खूश. आठव्या दिवशी तोंड कोरडे, डोके जड, आग तशीच. त्या वेदनेसाठी गोळी निकामी ठरवतात, पण झोपेसाठी वर्षभर चालू ठेवतात. दोन्ही निर्णय उलटे. वेदनेसाठी दहा ही बहुतेकदा सुरुवात असते. काहींना तेवढ्यात भागते, पण एरवी डॉक्टर ती आठवड्या-आठवड्याने वाढवतात आणि सहा-आठ आठवड्यांनी निकाल पाहतात. गुण नसेल तर हळूहळू कमी करून थांबवतात. बाईंच्या वाट्याला आली ती वेदनेला अपुरी आणि तोंडाला पुरेशी मात्रा. आपल्याकडे आणखी एक खाचखळगा आहे : प्रेगाबालिन किंवा गाबापेंटिनच्या जोडगोळ्यांत अनेकदा नॉरट्रिप्टिलीन असते. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांतून एकच कुळ दुप्पट पोटात जाते. पाकिटावरची घटकांची ओळ वाचा.

राहिला सर्वांत गंभीर मुद्दा. ‘चटक लागत नाही, म्हणजे सुरक्षित.’ या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही. गोळीवर दहा लिहिलेले असते, घरातल्या साठ्यावर नव्हे. जादा मात्रेत हे औषध हृदयातल्या विजेच्या वहनाला खीळ घालते, रक्तदाब कोसळतो, झटके येतात. लहान मुलाच्या वजनाला तर मोजक्या गोळ्याही घातक. नेमका उतारा नाही. ईसीजीवर लक्ष ठेवून शिरेतून सोडियम बायकार्बोनेट देणे हा उपचाराचा गाभा आहे, आणि तो रुग्णालयातच होतो. सुरुवातीला माणूस नुसता झोपाळलेला दिसतो आणि तासा-दोन तासांत प्रकृती झपाट्याने ढासळते. म्हणून ‘झोपू द्या, उतरेल’ हा सल्ला जीवघेणा आहे.

निवाडा वाचकांनी करावा. माझी विनंती एवढीच : तीन-तीन महिन्यांच्या पट्ट्या घरात साठवू नका, मुलांपासून त्या कुलुपात ठेवा, आणि घरात कोणी खचलेले असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे ते थोड्याच गोळ्या लिहून देतील. मनात जीव देण्याचा विचार येत असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे. गोळ्या जास्त गेल्याची नुसती शंका आली, तरी उलटी करवत बसू नका. १०८ ला फोन करा आणि रिकामी पट्टी सोबत न्या.