हरित ग्राहक : अभिवृत्ती–वर्तन तफावत

पर्यावरणपूरक वस्तू आपल्याला अधिक पसंत आहेत, असे सांगणारा ग्राहक प्रत्यक्षात त्या विकत घेत नाही, या विसंगतीला ग्राहकवर्तनाच्या अभ्यासात ‘अभिवृत्ती–वर्तन तफावत’ म्हणतात. एखाद्या गोष्टीविषयी मनात मुरलेला अनुकूल किंवा प्रतिकूल कल म्हणजे अभिवृत्ती. वर्तन म्हणजे दुकानात, अर्जावर किंवा बिलावर दिसणारी कृती. ब्रिटनमधील को-ऑपरेटिव्ह बँकेसाठी २००० साली झालेल्या एका अभ्यासातून ‘३०:३’ हे सूत्र रूढ झाले. सुमारे ३०% ग्राहक नैतिक व पर्यावरणीय निकषांना महत्त्व देतो असे सांगतात, पण अशा वस्तूंचा बाजारातील वाटा ३% च्या आसपासच राहतो, असा त्याचा आशय.

हे सूत्र चटकदार असले तरी थोडे फसवे आहे. त्यातले ३० हे माणसांचे प्रमाण आहे आणि ३ हे विक्रीचे. समजा, शंभर ग्राहकांपैकी तीस जण खरोखरच पर्यावरणाचा विचार करतात आणि दहा खरेद्यांपैकी एका खरेदीत हरित वस्तू उचलतात. बाकीचे सत्तर कधीच उचलत नाहीत. तरीही विक्रीतला वाटा ३% च भरेल, आणि या तिसांतला एकही जण खोटे बोललेला नसेल. तफावत खरी आहे का हे ठरवायचे, तर मत आणि खरेदी दोन्ही एकाच माणसाची मोजावी लागतात. सर्वेक्षण एका गटाचे आणि विक्रीचे आकडे दुसऱ्याच बाजाराचे, अशी सांगड घालून काढलेली तफावत कागदावर फुगते.

मत आणि कृती यांच्या या प्रश्नाची सुरुवात हरित वस्तूंपासून झालेली नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर हे १९३० च्या दशकाच्या आरंभी एका चिनी जोडप्यासोबत अमेरिकाभर फिरले. चिनी लोकांविरुद्ध पूर्वग्रह तीव्र असलेल्या त्या काळात २५१ हॉटेले व खाणावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. काही महिन्यांनी त्याच ठिकाणी पत्राने विचारले, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी ९०% हून अधिक लोकांनी चिनी पाहुण्यांना घेणार नाही असे कळवले. हा अभ्यास १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली विसंगती हरित ग्राहकाच्या उलट आहे: तिथे बोलणे वाईट होते आणि वागणे बरे. पुढे १९७७ मध्ये आइसेक ॲजेन आणि मार्टिन फिशबाइन यांनी दाखवून दिले की, मत व कृती एकाच पातळीवर मोजली तर त्यांचा मेळ बराच चांगला बसतो. ‘पर्यावरणाचे रक्षण व्हावे असे वाटते का?’ या प्रश्नाच्या उत्तरावरून अमुक किमतीची अमुक साबणपूड या महिन्यात घेतली जाईल की नाही, हे सांगता येणार नाही. प्रश्नही तितकाच नेमका असावा लागतो. शिवाय समोर विचारणारा माणूस असला की, लोक जे शोभून दिसेल ते सांगतात. हरित पसंतीच्या कित्येक सर्वेक्षणांत या दोन्ही चुका एकदमच झालेल्या असतात.

मोजमापातील असे दोष वजा केल्यावरही काही तफावत उरतेच. ती कशाची बनलेली असते हे पाहण्यासाठी विजेइतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल. हरित साबणाने मळ निघणार नाही, अशी शंका ग्राहकाला येऊ शकते. जिथे कडकपणा हवा अशा वस्तू पर्यावरणपूरक असल्या तर लोकांना त्या कमजोर वाटतात, असे मायकेल लक्स व सहकाऱ्यांच्या २०१० मधील प्रयोगांत आढळले. विजेबाबत ही पळवाट नाही. पाण्यावरची असो वा कोळशावरची, दिवा तसाच लागतो. वस्तू शोधायला दूरच्या दुकानात जावे लागत नाही आणि जिभेची सवयही बदलावी लागत नाही. तरीही युरोपातील सर्वेक्षणांत निम्म्यापासून नव्वद टक्क्यांपर्यंत लोक हरित वीज पसंत असल्याचे सांगत असताना, या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत ती प्रत्यक्षात घेणारी घरे १% च्या आसपास होती.

त्याच जर्मनीच्या दक्षिण भागात, १९९९ मध्ये, एनर्जीडीन्स्ट या वीजपुरवठादार कंपनीने दर बदलले. तिने सुमारे दीड लाख ग्राहकांना पत्र पाठवून तीन पर्याय कळवले. पहिला जलविद्युतीचा हरित दर, जो जुन्या दरापेक्षा किंचित स्वस्त होता. दुसरा ८% आणखी स्वस्त, पण हरित नसलेला. तिसरा अधिक काटेकोर हरित, पण २३% महाग. ज्याला दुसरा किंवा तिसरा हवा असेल त्याने उत्तर पाठवायचे. काहीच न कळवणारा आपोआप पहिल्या दरात जाणार होता. दोन महिन्यांनी हिशेब केला तेव्हा ९४% ग्राहक आपोआप लागू झालेल्या हरित दरातच होते. स्वस्त दर मागणारे ४.३%, महाग हरित दर मागणारे १% च्या आत आणि दुसऱ्या पुरवठादाराकडे गेलेले ०.७%. डॅनिएल पिखेर्ट व कॉन्स्टँटिनोस कात्सिकोपुलोस यांनी २००८ मध्ये हे आकडे इतर प्रयोगांसोबत मांडले, तेव्हा ते या क्षेत्रात गाजले.

या आकड्यांतली खरी गंमत तिसऱ्या पर्यायात आहे. मागून हरित दर घेणारे इथेही १% च्या आतच राहिले, म्हणजे देशभर दिसत होते तेवढेच. हे ग्राहक इतर जर्मनांपेक्षा अधिक पर्यावरणप्रेमी होते असे मानायला काहीही आधार नाही. बदलले ते एवढेच की, हालचाल न करण्याचा अर्थ आता उलटा झाला होता. आधी गप्प बसणारा कोळशाच्या व अणुविजेच्या बाजूला मोजला जात होता, आता तोच जलविद्युतीच्या बाजूला मोजला गेला.

ब्लॅक फॉरेस्टमधल्या शोनाऊ या सुमारे अडीच हजार वस्तीच्या गावाची कहाणी याहून बोलकी आहे. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर तिथल्या पालकांनी अणुविजेविरुद्ध गट स्थापन केला. उर्सुला व मिशाएल स्लाडेक हे दांपत्य त्यात पुढे होते. गावाचे वीजजाळे हरित वीज देऊ पाहणाऱ्या नागरिकांच्या कंपनीने विकत घ्यावे की नाही, यावर १९९६ मध्ये सार्वमत झाले. प्रचार कडवा होता आणि बाजूने पडलेली मते निम्म्यापेक्षा थोडीच जास्त, सुमारे ५२%. पुढच्या वर्षी जाळे नागरिकांच्या कंपनीकडे आले आणि गावातले प्रत्येक घर आपोआप तिचे ग्राहक झाले, विरोधात मत देणारेही. १९९८ मध्ये बाजार खुला झाल्यावर कोणालाही दुसरीकडे जाण्याची मुभा होती. तरी २००६ पर्यंत जवळजवळ सगळे गाव तिथेच होते. जवळपास निम्म्या मतदारांनी जे नाकारले होते, ते सोडण्याची तसदी मात्र जवळजवळ कोणीच घेतली नाही. इथे अभिवृत्ती प्रतिकूल आणि वर्तन हरित, अशी उलटी तफावत दिसते.

मग हा नुसता आळस म्हणायचा का? काही अंशी होय. ‘बघू नंतर’ म्हणून बाजूला ठेवलेले पत्र दोन्ही दिशांना सारखेच काम करते. पण आणखी दोन कारणे सापडतात. एक म्हणजे हातातल्या गोष्टीची किंमत वाढते. पिखेर्ट यांच्या प्रयोगात हरित वीज मिळवण्यासाठी लोक जितके जास्त पैसे द्यायला तयार होते, त्याच्या जवळपास दुप्पट भरपाई ती सोडण्यासाठी मागत होते. दुसरे, आपोआप लागू होणारा पर्याय हा एक प्रकारचा सल्ला वाटतो. कंपनीने हाच पुढे केला म्हणजे हाच रास्त असावा. फेलिक्स एबेलिंग व सेबास्टियन लोट्झ यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग अधिक काटेकोर होता. सुमारे ४२,००० जर्मन घरांना संकेतस्थळावर करार निवडताना किंचित महाग हरित विजेची चौकट दाखवली. निम्म्यांना ती रिकामी दिसली, निम्म्यांना आधीच खूण केलेली. करार करणाऱ्यांपैकी रिकाम्या चौकटीत खूण करणारे ७% होते, तर आधीची खूण तशीच ठेवणारे ६९%. कोणाला कोणती चौकट दिसेल हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले होते, त्यामुळे दोन गटांचे मुळातले विचार वेगळे असतील ही शंका इथे उरत नाही.

या निष्कर्षांवरून तफावतीचे कोडे सुटले, असा समज झाला. तो घाईचा आहे. ९४% लोक थांबले यातून त्यांची हरित अभिवृत्ती सिद्ध होत नाही. पूर्वीच्या १% वरून ढोंग सिद्ध होत नव्हते, त्याच कारणाने. किंमत वाढवली की चित्र बदलते. आंद्रेयास डीकमान व पेटर प्राइझेंडॉर्फर यांच्या मांडणीनुसार पर्यावरणविषयक मतांचा प्रभाव स्वस्तात निभावणाऱ्या कृतींवर जास्त पडतो. पैसा, वेळ किंवा गैरसोय वाढली की तो ओसरतो. एनर्जीडीन्स्टचा आपोआप लागू झालेला दर जुन्या दरापेक्षा स्वस्त होता, हे तिथे विसरून चालत नाही.

याहून अवघड प्रश्न वस्तूचाच आहे. जलविद्युत केंद्र आधीपासून चालू असेल, तर त्याची वीज अमुक ग्राहकांच्या नावावर लिहिल्याने कोळसा एका किलोनेही कमी जळत नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यात तेवढीच ‘काळी’ वीज वाढते. नव्या पवनचक्क्या किंवा सौर प्रकल्प उभे राहिले, तरच बदल झाला म्हणता येते. एनर्जीडीन्स्टचा महाग दर नेमका या बाबतीत वेगळा होता आणि तोच फारसा कोणी घेतला नाही. म्हणून तफावत मिटली का हे पाहताना ग्राहक कोणत्या खात्यात आहे याबरोबरच त्या पैशातून नवे काय उभे राहिले, हेही तपासावे लागते.

महाराष्ट्रात राज्य विद्युत नियामक आयोगाने मार्च २०२१ मध्ये महावितरणच्या ग्राहकांना संपूर्ण हरित वीज मागण्याची मुभा दिली. त्यासाठी तेव्हा नेहमीच्या दरावर प्रतियुनिट ६६ पैसे जादा ठरले. महिन्याला १५० युनिट वापरणाऱ्या घराला याचे ९९ रुपये पडत. ही रचना एनर्जीडीन्स्टची नसून नेमकी तिच्या उलट आहे: रिकामी चौकट, त्यावर जादा आकार, आणि मागणी ग्राहकाने स्वतः नोंदवायची. अशा योजनेत थोडेच लोक आले, तर त्यावरून मराठी माणसाच्या पर्यावरणप्रेमाबद्दल काही ठरवता येणार नाही. चौकट रिकामी ठेवून उद्योग आणि घरे यांची तुलना करणे मात्र उपयोगी ठरेल, कारण हरित वापराचा दाखला उद्योगाला आपल्या खरेदीदारापुढे ठेवता येतो. घरगुती ग्राहकाला तो दाखवायला तसे कोणीच नसते.