फोनवरील संवादमुद्रणाची ध्वनिशुद्धी

फोनच्या मायक्रोफोनने मुद्रित केलेल्या संभाषणातील नको असलेले आवाज कमी करून बोलणे स्पष्ट करण्याच्या प्रक्रियेला संवादमुद्रणाची ध्वनिशुद्धी म्हणतात. अशा मुद्रणात मुख्यतः तीन दोष आढळतात: वाऱ्याची घरघर, पंख्यासारखा सलग आवाज आणि खोलीचा निनाद. तिन्हींची कारणे वेगळी असल्याने उपायही वेगळे असतात. पहिले दोन दोष बऱ्याच अंशी कमी करता येतात. निनाद मात्र बोलण्यातूनच निर्माण झालेला असल्याने तो पूर्णपणे वेगळा करता येत नाही.

## वाऱ्याची घरघर

मायक्रोफोनच्या छिद्रापाशी हवेचे भोवरे तयार होतात आणि त्यांच्या दाबातील चढउतार घरघर म्हणून मुद्रित होतात. या आवाजाची बहुतेक ऊर्जा कमी वारंवारतेत असते. पुरुषी आवाजाची मूळ वारंवारता साधारणपणे ८५ ते १८० हर्ट्झ आणि स्त्रीच्या आवाजाची १६५ ते २५५ हर्ट्झ असते. व्यंजनांची स्पष्टता मात्र त्याहून बरीच वर, काही हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते. त्यामुळे सुमारे १०० हर्ट्झखालील भाग गाळला तरी शब्द समजण्यात बाधा येत नाही. मूळ वारंवारता क्षीण झाली, तरी तिच्या पटीतील वारंवारतांवरून कान स्वराची उंची ओळखतो. `ffmpeg` या मुक्त प्रणालीत हे गाळण पुढील आज्ञेने करता येते:

```
ffmpeg -i samvad.m4a -af "highpass=f=100" samvad.wav
```

जोराच्या झोतामुळे आवाज मायक्रोफोनच्या मर्यादेबाहेर गेला असेल, तर तरंगाचे माथे सपाट कापलेले दिसतात. याला क्लिपिंग म्हणतात. अशा ठिकाणी गाळणीने घरघर कमी होते. पण तिच्याखाली गमावलेली अक्षरे परत मिळत नाहीत.

## सलग गोंगाट

पंखा किंवा वातानुकूलन यंत्राचा आवाज फारसा बदलत नाही. म्हणून केवळ तोच ऐकू येणाऱ्या तुकड्यावरून त्याचा वर्णपट मोजून, तितका भाग संपूर्ण मुद्रणातून वजा करता येतो. स्टीव्हन बोल यांनी १९७९ मध्ये वर्णपट-वजाबाकीची ही पद्धत मांडली. `Audacity` मध्ये बोलण्याच्या खंडातील सुमारे एक सेकंदाचा तुकडा निवडून `Noise Reduction` मधील `Get Noise Profile` वापरतात आणि त्यानंतर संपूर्ण मुद्रण निवडून तोच परिणाम लागू करतात. वाऱ्याची गाळणी त्याआधी वापरावी, अन्यथा घरघरही नमुन्यात मिसळते.

फोनमध्ये एक अडचण संभवते. अनेक फोन बोलणे थांबताच ध्वनिपातळी आपोआप वाढवतात. दीर्घ शांततेतील पंखा त्यामुळे बोलण्यामागील पंख्यापेक्षा मोठा मुद्रित होतो आणि त्या नमुन्याने वजाबाकी जास्त होते. अशा मुद्रणात दोन वाक्यांमधील छोट्या खंडातून नमुना घेणे योग्य ठरते.

वजाबाकी अति झाल्यास बोलण्यामागे पाण्यात बुडबुडे उठल्यासारखा किणकिणाट ऐकू येतो. ‘स’, ‘श’ आणि ‘फ’ यांचा वर्णपट गोंगाटासारखाच पसरट असल्याने प्रथम हेच वर्ण पुसले जातात. `Residue` हा पर्याय निवडल्यास काढून टाकला जाणारा भाग ऐकता येतो. त्यात शब्द ओळखू आले, तर प्रमाण कमी करावे.

## निनाद

भिंती, फरशी आणि छतावरून परावर्तित झालेले बोलणे थोड्या विलंबाने मायक्रोफोनपर्यंत पोहोचते आणि शब्दांना शेपटी जोडते. ही शेपटी बोलणाऱ्याच्याच आवाजाची असल्याने वरील पद्धतीप्रमाणे तिचा वेगळा नमुना घेता येत नाही. एक्स्पान्डर हा परिणाम ठरावीक पातळीखालील आवाज आणखी दाबतो. त्यामुळे शब्दांमधील शेपटी कमी होते, पण शब्दावरच पडलेला निनाद तसाच राहतो.

## उदाहरण

फरशीच्या खोलीत, पंखा सुरू असताना, फोन बोलणाऱ्यापासून २ मीटरवर ठेवून मुलाखत घेतली आहे, असे समजू. प्रथम १०० हर्ट्झची गाळणी, नंतर १० ते १२ डेसिबल इतकी गोंगाट-वजाबाकी, त्यानंतर सौम्य एक्स्पान्डर आणि शेवटी एकूण पातळी वाढवणे, असा क्रम ठेवतात. पातळी आधी वाढवल्यास गोंगाटही वाढतो. या क्रमाने पंखा बराच मागे जातो, पण खोलीचा पोकळपणा उरतो.

तोच फोन ३० सेंटिमीटरवर असता, तर थेट आवाज सुमारे १६ डेसिबलने वाढला असता. निनादाची पातळी मात्र जवळजवळ तेवढीच राहिली असती. इतका फरक नंतरच्या संस्करणात स्वच्छपणे साधणे कठीण असते. मूळ फाइल न बदलता प्रतीवरच काम करतात, कारण पुसलेली व्यंजने शुद्ध केलेल्या प्रतीतून पुन्हा मिळवता येत नाहीत.