लाल कानाचं कासव आपल्या तळ्यात आलं कुठून?

या भागात एकच फोटो घेऊ. समजा ठाण्याच्या एखाद्या तलावात बुडक्या ओंडक्यावर एक कासव ऊन खात बसलंय. कुणीतरी लांबून झूम करून टिपलंय आणि खाली प्रश्न टाकलाय: हे आपलं आहे की बाहेरचं? खाली दोन मिनिटांत उत्तर येतं, "डोळ्यामागे लाल पट्टा आहे, म्हणजे परदेशी." बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. पण नेहमी नाही, आणि ते का नाही हे समजायला जरा मागे जावं लागतं.

या कासवाचं नाव रेड-इअर्ड स्लायडर. कासवाला बाहेरचा कान नसतोच. कानाच्या जागेवरून जाणारा लाल पट्टा म्हणून हे नाव. मूळ घर अमेरिकेतलं मिसिसिपी नदीचं खोरं. विसाव्या शतकाच्या मध्यावर लुईझियानात या कासवांची शेती सुरू झाली. अंडी घालायला माद्या तळ्यात, अंडी उबवायला शेड, आणि नाण्याएवढी हिरवीगार पिल्लं थेट स्वस्त वस्तूंच्या दुकानात. प्लॅस्टिकच्या छोट्या टबात, मधोमध प्लॅस्टिकचंच नारळाचं झाड. लहान मुलं ती हाताळायची, कधी तोंडातही घालायची, आणि साल्मोनेलाने आजारी पडायची. म्हणून 1975 साली अमेरिकेने 4 इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं पाळीव म्हणून विकायला बंदी घातली.

गंमत अशी की बंदी देशातल्या विक्रीवर होती, निर्यातीवर नाही. शेतं तशीच राहिली, माल बाहेर जाऊ लागला. त्यात 1987 मध्ये निन्जा टर्टल्सचं कार्टून आलं आणि युरोपातल्या पोरांना घरात कासव हवंच झालं. तळहातावर मावणारं पिल्लू काही वर्षांत ताटाएवढं होतं, पंचवीस-तीस वर्षं जगतं, आणि पाणी रोज घाण करतं. मग ते बागेतल्या तळ्यात. फ्रान्समध्ये अभ्यासकांनी स्लायडर आणि तिथलं मूळ तळ्यातलं कासव एकत्र ठेवून पाहिलं: स्थानिक कासवांचं वजन घटलं, ती जास्त मेली, आणि ऊन खायच्या चांगल्या जागा त्यांनी सोडून दिल्या. 1997 मध्ये युरोपीय संघाने आयात थांबवली.

आपल्याकडे मात्र गोष्ट उलट्या दारातून आली. 1972 च्या वन्यजीव कायद्याने आपली बरीचशी कासवं संरक्षित केली. ती घरी ठेवणं गुन्हा. पण स्लायडर भारतीय नाही, म्हणून तो त्या यादीत नव्हता. दुकानदार छातीठोकपणे सांगायचा, "हे लीगल आहे साहेब." म्हणजे देशी कासवं वाचवायला केलेल्या कायद्यातल्या फटीतून परकं कासव आपल्या फिश टँकमध्ये शिरलं. तमिळनाडूतल्या विमानतळांवर प्रवाशांच्या बॅगांमध्ये हजारोंनी पिल्लं सापडली आहेत. परक्या आक्रमक जातींच्या आयातीवर आणि बाळगण्यावर नियंत्रण आणायची तरतूद कायद्यात आली ती थेट 2022 च्या दुरुस्तीत.

आता परत फोटोकडे. लाल ठिपका हा पुरावा पुरेसा का नाही? कारण उत्तर भारतातल्या नद्यांमध्ये इंडियन रूफ्ड टर्टल नावाचं आपलंच कासव आहे, त्याच्याही डोळ्यामागे नारिंगी-लाल चंद्रकोर असते. त्यामुळे आधी पाठ बघायची. त्याची पाठ घराच्या कौलारू छपरासारखी उभी, मधल्या कण्यावर टोकदार उंचवटा. स्लायडरची पाठ बसकी, मागची कड थोडी करवती, आणि मानेवर पायांपर्यंत पिवळ्या बारीक रेषा.

आणि इथे खरी मजा आहे. समजा ते रूफ्ड टर्टलच निघालं, तर ते "देशी" आहे म्हणून सोडून द्यायचं का? ठाण्याचा तलाव काही त्याचं घर नाही. ते गंगेच्या बाजूचं, आणि चोरट्या व्यापारात खूप विकलं जातं. म्हणजे भारतीय जात, पण सुटलेला किंवा सोडलेला पाळीव प्राणी. मुंबईतल्या एखाद्या सोसायटीच्या बागेत स्टार कासव दिसलं तरी तेच. "भारतात सापडतं का?" हा प्रश्न चुकीचा, "याच पाण्यात, याच जिल्ह्यात सापडतं का?" हा बरोबर. म्हणून फोटोची जागा कळणं महत्त्वाचं. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो पाठवला की त्यातली जीपीएसची माहिती निघून जाते, त्यामुळे मूळ फाइल मागा किंवा सरळ विचारा, "कुठे काढलास?" फॉरवर्ड झालेला फोटो कुठलाही असू शकतो.

ठाण्यात खरोखर आपली म्हणावीत अशी दोन कासवं. एक मऊ पाठीचं, नाक नळीसारखं, मागच्या पायांवर झाकणासारख्या झडपा. त्यात आणि स्लायडरमध्ये गोंधळ होणं कठीण. दुसरं काळं कासव, आणि इथे तज्ज्ञसुद्धा थबकतात. कारण स्लायडरचा नर म्हातारा झाला की अंगावर काळेपणा चढतो, लाल पट्टा पुसट होत जातो, पिवळ्या रेषाही विरतात. लांबून ते काळं कासवच वाटतं. अशा वेळी पाठीवरच्या कण्यांकडे बघा. काळ्या कासवाला तीन उभे कणे, स्लायडरला असला तर एखादा पुसट. पुढच्या पायाची नखं विचित्र लांब असतील, तर तो स्लायडरचा नर. कुणी उचललंच असेल तर पोट बघा: स्लायडरचं पिवळं, प्रत्येक खवल्यावर गडद डाग, काळ्या कासवाचं गडद, कडेला पिवळट.

बरं, ठरलं, स्लायडर आहे. मग तो आक्रमक झालाय की नुसता कुणाच्या टाकीतून आलेला एकटा जीव? हे एका फोटोवरून कळत नाही, आणि कळतं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. कवच वेडंवाकडं, उंचवट्यांचं असेल, माणूस दिसल्यावर पळण्याऐवजी खाऊसाठी जवळ येत असेल, तर पाळलेला असण्याची शक्यता वाढते. पिल्लू दिसलं म्हणजे प्रजनन सुरू, असंही नाही. दुकानात विकतात ती पिल्लंच. पण लोक सहसा पिल्लू फेकत नाहीत, मोठं झालं की फेकतात. त्यामुळे एकाच तळ्यात पिल्लं, मधली आणि मोठी अशी सगळी मापं वर्षानुवर्षं दिसली, किंवा काठावर अंड्यांचं घरटं सापडलं, तरच "इथे वाढतायत" म्हणायचं.

देवळांच्या तळ्यांत हे आणखी अवघड. गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यातही स्लायडर सापडला. अशा तळ्यांत लोक पुण्य म्हणून कासवं सोडतात, त्यामुळे तिथली मोजणी निसर्गाचा नाही, भक्तांचा हिशेब सांगते. केरळमध्ये थ्रिसूरजवळच्या पीचीच्या वनसंशोधन संस्थेने म्हणूनच लोकांकडून स्लायडर स्वतःकडे जमा करायला घेतले.

मग आपल्या त्या फोटोवरच्या उत्तरात काय लिहायचं? "रेड-इअर्ड स्लायडर, प्रौढ नर, बहुधा सोडलेला पाळीव, प्रजननाचा पुरावा नाही." आणि ज्याने फोटो काढलाय त्याला इतकंच सांगायचं की हाताला लागलं तर तलावात परत टाकू नकोस, वनखात्याला फोन कर. मात्र पाठीवर तीन कणे दिसले, तर उलट: आहे तिथेच राहू दे, आणि घरी तर मुळीच नेऊ नकोस.