‘साभार’ म्हणजे परवानगी नव्हे

समजा, भोर आणि राजगड तालुक्यांतील तरुण मिळून जयंतीनिमित्त स्मरणिका काढत आहेत. त्यांना तीन गोष्टी छापायच्या आहेत: ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मधील एक प्रकरण, दया पवार यांच्या ‘बलुतं’मधील चार पाने आणि धरणग्रस्तांवरील पुस्तकातला एक आलेख. प्रत्येकाखाली ‘साभार’ लिहिले की झाले, असा समज असतो. स्मरणिका मोफत वाटली तरी एवढ्याने भागत नाही.

लेखकाच्या निधनानंतर साधारण ६० वर्षे कॉपीराइट राहतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६चे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ मात्र १९५७मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. अशा ग्रंथाची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. म्हणून २०१७ अखेर मुदत संपली आणि मूळ इंग्रजी मजकूर आता कोणीही छापू शकतो. पण मराठी अनुवाद ही स्वतंत्र कृती आहे. अनुवादाची मुदत अनुवादकाच्या निधनापासून वेगळी मोजावी लागते. मंडळाने स्वतः अनुवाद केला तर हा प्रश्नच उरत नाही.

दया पवार १९९६मध्ये गेले, म्हणजे ‘बलुतं’वरील हक्क २०५६ अखेरपर्यंत आहे. समीक्षा, परीक्षण किंवा संशोधनासाठी उचित वापराची मुभा कलम ५२ देते. त्यात शब्दांची मर्यादा नाही. ‘अमुक ओळींपर्यंत चालते’ हा नियम कायद्यात कुठेच नाही. चार ओळी देऊन त्यांवर पानभर विवेचन केले तर उतारा विवेचनासाठी आला, हे दिसते. चार पाने छापून शेवटी दोन ओळींचा अभिप्राय जोडला, तर वाचकाला पुस्तकाऐवजी स्मरणिकाच पुरते. तिथे लेखी परवानगी हवी.

आलेख, नकाशा, छायाचित्र यांचे तसे नाही. उताऱ्यासारखा त्यांचा तुकडा घेतला जात नाही, अख्खी कृतीच उचलली जाते. म्हणून एकच आकृती असली तरी परवानगी घ्यावी. मात्र आकड्यांवर कोणाचा हक्क नसतो. किती गावे पाण्याखाली गेली हे आकडे घेऊन आपला आलेख काढावा आणि खाली आकड्यांचा स्रोत द्यावा. जुन्याच आलेखावर रंग बदलून गिरवणे म्हणजे नक्कलच.

परवानगी कोणाची, हे पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर © चिन्हापुढील नावावरून कळते. ते कधी लेखक किंवा वारस, कधी प्रकाशक असतात. फोनवरचा होकार पुरेसा नाही. कलम ३०नुसार परवाना लेखी लागतो. पत्रात पुस्तक आणि पान क्रमांक, प्रतींची संख्या, छापील की संकेतस्थळावरही, भाषा आणि मुदत लिहावी. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो. छापील अंकापुरती परवानगी घेतली असेल, तर त्याची पीडीएफ पसरवण्याआधी पुन्हा विचारावे लागते.