प्राथमिक व दुय्यम समूह आणि अंतःसमूह-बाह्यसमूह भावनेची जडणघडण : भिवंडी शहराचा ऐतिहासिक संदर्भ (१९७० ते २००६)

प्रस्तावना :
प्रथम वर्षाच्या समाजशास्त्र विषयात 'प्राथमिक व दुय्यम समूह' या घटकावर टिपा लिहावयाच्या असतात. या उत्तरांत एक चूक वारंवार आढळते. विद्यार्थी प्राथमिक समूह म्हणजेच अंतःसमूह आणि दुय्यम समूह म्हणजेच बाह्यसमूह असे समीकरण मांडतात. हे समीकरण का टिकत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात भिवंडीच्या इतिहासाच्या आधारे केला आहे.

संकल्पना :
चार्ल्स कूले यांनी १९०९ मध्ये प्राथमिक समूहाची कल्पना मांडली. कुटुंब, मुलांचा खेळगट व शेजार ही त्यांची उदाहरणे होत. समोरासमोरचा, जिव्हाळ्याचा व दीर्घकाळ टिकणारा संबंध हे या समूहाचे लक्षण आहे. याउलट कामगार संघटना, सहकारी संस्था किंवा महाविद्यालय येथे व्यक्ती विशिष्ट हेतूने एकत्र येते व संबंध नियमांनी बांधलेले असतात. अशा समूहांना पुढील अभ्यासकांनी दुय्यम समूह म्हटले. अंतःसमूह व बाह्यसमूह हा भेद विल्यम समनर यांनी १९०६ मध्ये केला. पहिली जोडी संबंधांचे स्वरूप सांगते, तर दुसरी आपलेपणाची सीमा सांगते. म्हणून या दोन वर्गीकरणांची गल्लत करता येत नाही.

भिवंडीचा अनुभव :
भिवंडी हे यंत्रमागांचे शहर आहे. उत्तर भारतातून आलेले विणकर, आंध्र-तेलंगणातील पद्मशाली आणि स्थानिक मराठी व कोकणी मुसलमान कुटुंबे एकाच उद्योगावर जगतात. मागमालक, जॉबर, कामगार व सूतव्यापारी यांचे व्यवहार धर्माच्या सीमा ओलांडतात. तरीही वस्त्या मात्र बऱ्याच अंशी वेगवेगळ्या राहिल्या. अर्थात रोजचा आर्थिक संबंध होता, पण शेजार समान नव्हता.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली. न्या. डी. पी. मादन आयोगाने भिवंडीसह जळगाव व महाड येथील दंगलींची चौकशी केली. मिरवणुकीचा मार्ग, मशिदीजवळील गुलाल व घोषणा यांवरून तणाव काही वर्षे साचत होता. मिरवणुकीत आसपासच्या गावांतील मंडळीही मोठ्या संख्येने सामील झाली होती. शहरातील देवघेवीचा बंध त्यांना नव्हता. सार्वजनिक प्रसंगी माणूस 'मागावरचा सोबती' न राहता केवळ एका धर्माचा प्रतिनिधी ठरतो. अंतःसमूहाची भावना अशीच घडते. प्रतीक, प्रतिस्पर्धी मिरवणूक आणि अफवा या तिघांमुळे सीमारेषा ठळक होते. मे १९८४ मध्ये पुन्हा दंगल झाली.

मोहल्ला समित्या :
१९८८ पासून भिवंडीतील पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. पूर्वीच्या शांतता समित्यांत पुढारी व प्रतिष्ठित असत आणि दंगल झाल्यावरच त्या जागत. नव्या समित्यांत दोन्ही समाजांतील सामान्य रहिवासी व त्या भागातील पोलीस नियमितपणे एकत्र बसत. किरकोळ भांडणे व परिसरातील तक्रारी तेथे हाताळल्या जात. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई होरपळत असताना भिवंडी मात्र शांत राहिली.

या समित्या दुय्यम समूह होत्या, कारण त्यांचा हेतू ठरलेला होता व सदस्यत्व औपचारिक होते. तरी त्यांनी 'आपला मोहल्ला' ही नवी अंतःसमूह भावना निर्माण केली. अफवा आल्यास पडताळण्यासाठी पलीकडच्या समाजातील ओळखीचा माणूस उपलब्ध झाला. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मधील ग्रंथात हाच मुद्दा मांडला आहे. खेड्यात रोजची ओळख पुरेशी ठरू शकते, परंतु शहरात संघटित नागरी संबंधांची गरज भासते.

मर्यादा :
भिवंडीच्या शांततेचे श्रेय केवळ समित्यांना देणे योग्य ठरणार नाही. पोलिसांच्या पुढाकारावर चालणारा समूह अधिकाऱ्यांच्या बदलीनंतर सैल पडू शकतो. शिवाय सीमा पुसली जात नाही, ती सरकते. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून संघर्ष झाला. गोळीबारात दोन नागरिक मृत्युमुखी पडले व जमावाच्या हल्ल्यात दोन पोलीस ठार झाले. एके काळी समितीत शेजारी बसणारे पोलीस या प्रसंगी एका जमावासाठी बाह्यसमूह ठरले.

निष्कर्ष :
प्राथमिक समूहातील जिव्हाळा इतरांविषयीच्या आकसाला रोखतोच असे नाही. एकाच धर्माचा शेजार हा तो आकस जोपासूही शकतो. दुय्यम समूह कोरडा असला तरी आपलेपणाची सीमा विस्तारू शकतो. विद्यार्थ्याच्या उत्तरात समूहाचे स्वरूप आणि सीमेची भावना स्वतंत्रपणे मांडली, तर भिवंडीचे उदाहरण त्या दोहोंतील संबंध स्पष्ट करण्यास पुरेसे ठरते.