सिंहली नववर्षाच्या शुभेच्छा

श्रीलंकेत १३ किंवा १४ एप्रिलच्या सुमारास, सूर्य मीन राशीतून मेषेत जाताना, सिंहली नववर्ष येते. मित्राला साधारणपणे असे म्हणतात : ‘सुभ अलुत् अवुरुद्दक् वेवा! कॅवुम् कोकिस् कन्न एन्न’, म्हणजे ‘नवे वर्ष शुभ होवो! कॅवुम, कोकिस खायला ये’. त्यावरचे नेहमीचे उत्तर ‘ओयाटत् सुभ अलुत् अवुरुद्दक् वेवा’ (तुलाही नवे वर्ष शुभ होवो). वडीलधाऱ्यांना मात्र विड्याची पाने देऊन वाकून नमस्कार करतात.

शुभेच्छेतील खाऊचा उल्लेख वरवरचा नाही. संक्रमणाच्या आधी व नंतर मिळून काही तासांचा ‘नोनगते’ काळ पाळतात. त्यात संक्रमणापर्यंत चूल पेटवत नाहीत. पुढे मुहूर्तावर चूल पेटवून नारळाच्या दुधातला ‘किरिबत्’ हा भात शिजवतात. त्यामुळे पाहुण्यांसाठीचा फराळ आधीच तयार हवा आणि तो टिकायलाही हवा. तांदळाचे पीठ व काकवीचा तळलेला कॅवुम या गरजेला पुरतो. कोकिससाठी तापलेला साचा तांदूळपीठ व नारळाच्या दुधाच्या पिठात बुडवून तेलात धरतात. साचा पुरेसा तापला नसेल, तर पीठ त्याला धरत नाही. कोकिस मूळचा डच मानला जातो, मग तो पारंपरिक कसा, असा आक्षेप संभवतो. परंतु परंपरा उगमापेक्षा वापरावर ठरते, आणि कोकिस आज नववर्षाच्या ताटातला नेहमीचा पदार्थ आहे.